पट्टी बरोबर, किलोमीटर चूक: नकाशाप्रमाणाची कार्यपत्रिका कशी तपासावी

आठवीला नकाशाप्रमाण शिकवून झाले की अंतर मोजण्याची कार्यपत्रिका दिली जाते आणि दुसऱ्या दिवशी तिचा गठ्ठा तपासायला टेबलावर येतो. पहिल्यांदाच हा विषय हाती घेतलेल्या शिक्षकाला त्या गठ्ठ्यात एक गोष्ट हमखास दिसते. मुलांनी पट्टी नीट लावलेली असते, सेंटिमीटर बरोबर लिहिलेले असतात, आणि शेवटचे उत्तर मात्र भलतेच असते. मुंबई ते नागपूर ६९,००० किलोमीटर. अशा उत्तरावर लाल फुली मारून शून्य गुण देणे सोपे आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तेच केले, आणि पुढच्या चाचणीत त्याच मुलांनी तीच चूक पुन्हा केली. फुलीने त्यांना एवढेच कळले होते की काहीतरी चुकले. कुठे चुकले, ते कळले नव्हते.

हा लेख त्या ‘कुठे’विषयी आहे. पट्टीचे माप बरोबर आणि रूपांतर चूक असेल, तर चुकीची जागा उत्तरावरूनच कशी शोधायची, गुण कसे द्यायचे आणि वहीत काय लिहायचे, ते एक कार्यपत्रिका हातात घेऊन पाहू.

तपासण्याआधी: आपलीच प्रत मोजून पाहा

माझ्या कार्यपत्रिकेत दोन प्रश्न असतात. पहिल्यात महाराष्ट्राचा नकाशा, अंकप्रमाण १:६०,००,०००, आणि मुंबई ते नागपूर हे सरळ अंतर काढायचे. दुसऱ्यात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशाचा एक तुकडा, अंकप्रमाण १:५०,०००, आणि देवळापासून पुलापर्यंतचे सरळ अंतर काढायचे. पहिल्याचे माप ११.५ सेमी येते, म्हणजे ६९० किमी. दुसऱ्याचे माप ६.४ सेमी, म्हणजे ३.२ किमी. दोन प्रमाणे मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. त्याचे कारण पुढे येईल.

गठ्ठ्याला हात लावण्यापूर्वी मुलांना दिलेली झेरॉक्स घ्या आणि तिच्यावरची रेषाप्रमाणाची पट्टी मोजा. पहिल्या नकाशावर ० ते १८० किमीची रेषा ३ सेमी असायला हवी. ती २.७ सेमी भरली, तर झेरॉक्स नव्वद टक्क्यांवर निघाली आहे. नकाशा आक्रसला की रेषाप्रमाणही त्याच्याबरोबर आक्रसते, म्हणून ते खरेच राहते. छापलेले १:६०,००,००० मात्र तसेच राहते आणि खोटे ठरते. अशा प्रतीवर नीट मोजणाऱ्या मुलाला सुमारे १०.३ सेमी माप मिळते आणि तो ६१८ किमी लिहितो. त्याचे एक अक्षरही चुकलेले नाही, त्याला पूर्ण गुण मिळायला हवेत. पुढच्या वेळी झेरॉक्सवाल्याला शंभर टक्के आकारातच काढायला सांगा. संगणकावरून छापत असाल, तर प्रिंटच्या खिडकीत ‘Actual size’ निवडा.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा: किती फरक चालेल. मुलाच्या पट्टीवर एक मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, कारण कोणी शहराच्या ठिपक्याच्या मध्यापासून मोजतो तर कोणी कडेपासून. पहिल्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे ६ किमी, म्हणून मी ६८४ ते ६९६ पर्यंतचे उत्तर बरोबर धरते. दुसऱ्यावर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर, म्हणजे ३.१५ ते ३.२५ किमी. ही मर्यादा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवली की दर वहीला नव्याने विचार करावा लागत नाही.

आधी अंक पाहा, मग शून्ये

समजा एका वहीत मुंबई–नागपूर ६९,००० आहे, दुसरीत ६,९०० आणि तिसरीत ६.९. तिन्ही उत्तरे चूक आहेत, पण तिन्हींत ६ आणि ९ हेच अंक त्याच क्रमाने आले आहेत. ११.५ ला ६ ने गुणल्यावरच ६९ मिळतात. म्हणजे मुलाने माप बरोबर घेतले, गुणाकारही बरोबर केला, फक्त शून्यांची किंवा दशांशचिन्हाची जागा घसरली. पायऱ्या न दाखवता नुसते उत्तर लिहिले असले, तरी एवढे नक्की सांगता येते. दुसऱ्या प्रश्नात ३.२ ऐवजी ३२ किंवा ३२० दिसले, तर तिथेही तोच निष्कर्ष.

अंकच वेगळे असतील, तर गोष्ट वेगळी. मुंबई–नागपूर २७० च्या आसपास आले असेल, तर मुलाने पट्टीची इंचाची बाजू वापरली. ११.५ सेमी म्हणजे साधारण साडेचार इंच. दुसऱ्या प्रश्नात ३.०२ आले असेल, तर ६ सेमी ४ मिमी हे ६.४ ऐवजी ६.०४ असे लिहिले गेले. या मापाच्या चुका आहेत, रूपांतराच्या नाहीत. त्यांची नोंद वेगळी करा आणि ती पट्टी हातात देऊन समजवा.

अंक बरोबर असलेल्या वह्या बाजूला काढा. खरे काम त्यांच्यावर आहे.

दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून वाचा

मुलाचे उत्तर खऱ्या उत्तराच्या किती पट आहे, ते पाहा. एकट्या प्रश्नावरून नेहमी कळत नाही, म्हणून दोन प्रमाणे. तीन वह्या घेऊ.

पहिल्या वहीत पहिले उत्तर ६९,००० आणि दुसरे ३२० आहे. दोन्ही शंभरपट. मांडणी अशी आहे:

११.५ × ६०,००,००० = ६,९०,००,००० सेमी
६,९०,००,००० ÷ १,००० = ६९,००० किमी

गुणाकार अचूक आहे. चूक दुसऱ्या ओळीत आहे. ‘किलोमीटर म्हणजे हजार’ हे वाक्य मुलाच्या डोक्यात पक्के बसले आहे, पण हजार कशाचे, हा शब्द गळाला आहे. त्याने सेंटिमीटरना मीटर समजून हजाराने भागले. मधली मीटरची पायरीच नाही.

दुसऱ्या वहीत पहिले उत्तर ६९०, अगदी बरोबर. दुसरे मात्र ३२, म्हणजे दहापट. नवा शिक्षक इथे फसतो. पहिला प्रश्न बरोबर आहे म्हणून त्याला वाटते की मुलाला रूपांतर येते आणि दुसऱ्यात निष्काळजीपणा झाला. तसे नसते. या मुलाला ‘पाच शून्ये खोडा’ ही युक्ती शिकवलेली असते. ६०,००,००० मधली पाच शून्ये खोडली की ६० उरतात, १ सेमी = ६० किमी, उत्तर बरोबर. पण ५०,००० मध्ये शून्येच चार आहेत. मुलगा चार खोडतो, पाचवे सापडत नाही, आणि उरलेला ५ तसाच लिहितो: १ सेमी = ५ किमी. लहान प्रमाणाच्या नकाशांवर ही युक्ती वर्षभर निभावून जाते आणि स्थलनिर्देशक नकाशा समोर आला की तिचा पाया नव्हता, हे उघडे पडते. तपासताना ५०,००० वरच्या बारीक तिरप्या रेघा मोजा. चार रेघा असल्या, तर निदान पक्के.

तिसऱ्या वहीत ६,९०० आणि ३२, म्हणजे दोन्ही दहापट. याची दोन कारणे असू शकतात. एकतर मुलाने मिलिमीटर वाचले आणि ११५ × ६० असे केले. किंवा त्याने १ किमी = १०,००० सेमी धरले. नुसत्या उत्तरावरून हे वेगळे करता येत नाही, पायऱ्या पाहाव्याच लागतात. पायऱ्या नसतील, तर मी त्या मुलाला बोलावून फक्त एवढेच विचारते, ‘तुझ्या पट्टीवर किती आले होते?’ तो ‘एकशे पंधरा’ म्हणाला की शोध तिथेच संपला.

आणखी एक उत्तर वरचेवर दिसते: दुसऱ्या प्रश्नाचे १२.८. यात ३ आणि मग २ असा क्रम नाही, म्हणून आधी वाटते की माप चुकले. पण १२.८ म्हणजे ६.४ ची दुप्पट. मुलाला ‘२ सेमी = १ किमी’ हे बरोबर आठवले आणि त्याने दोनाने भागण्याऐवजी गुणले. असा आकडा दिसला की मापाला दोष देण्यापूर्वी तो मापाच्या दुपटीला किंवा निमपटीला जुळतो का, एवढे पाहून घ्या.

जुन्या शाळांत कधी कधी गुंडाळून ठेवलेले, एका इंचाला एक मैल दाखवणारे नकाशे सापडतात. त्यांचे अंकप्रमाण १:६३,३६० असते, कारण एका मैलात तेवढे इंच असतात. ते नकाशे वर्गात जरूर दाखवावेत, पण या कार्यपत्रिकेत घेऊ नयेत. तिथे खोडायला पुरेशी शून्येच नाहीत, मग रूपांतराची चूक आणि भागाकाराची चूक एकमेकांत मिसळतात आणि काहीच ओळखता येत नाही.

गुण कसे द्यायचे

प्रश्न चार गुणांचा असेल, तर मी तो चार तुकड्यांत पाहते: माप, मांडणी, रूपांतर, आणि एककासह उत्तर. पहिल्या वहीतल्या मुंबई–नागपूरला मापाचा एक गुण मिळतो, ११.५ × ६०,००,००० या मांडणीचा एक मिळतो, रूपांतराचा शून्य. चौथ्या गुणाबद्दल दोन मते असतात. काही शिक्षकांचे म्हणणे असते की उत्तरच चूक असेल, तर त्याचा गुण कसा द्यायचा. मी तो देते. भागाकार बरोबर आहे, एकक लिहिले आहे, आणि उत्तर आधीच्याच एका चुकीतून ओघाने आले आहे. एका चुकीसाठी दोनदा गुण कापले, तर मुलाला चुका दोन वाटतात आणि तो नसलेली दुसरी चूक शोधत बसतो. म्हणून चारपैकी तीन.

दुसऱ्या प्रश्नात त्याच मुलाने तेच केले आहे, पुन्हा हजाराने भागून ३२०. वर्गातल्या सरावाच्या कार्यपत्रिकेत मी तिथे गुण कापत नाही, फक्त समासात ‘पहिल्या प्रश्नाप्रमाणेच’ असे लिहिते. सत्र परीक्षेत मात्र शाळेने ठरवलेली गुणदान योजना पाळावी. एका वर्गाला एक न्याय आणि शेजारच्या तुकडीला दुसरा, असे होता कामा नये. तसे करायचे असेल, तर विषयाच्या सगळ्या शिक्षकांनी तपासणीआधी बसून ठरवावे.

एककाबाबत मी कडक आहे. नुसते ‘६९०’ लिहिले असेल, तर चौथा गुण जातो. या धड्यात सगळा घोळच एककांचा आहे, तिथे ते गाळणे माफ करता येत नाही.

समासात काय लिहायचे

बरोबर उत्तर लिहून देऊ नका. ‘६९०’ असे लाल शाईत दिसले की मुलगा ते उतरवतो आणि वही मिटतो. चूक ज्या ओळीत आहे, तिथेच खूण करा. पहिल्या वहीत ‘÷ १,०००’ भोवती गोल करून मी लिहिते: ‘१,००० काय?’ दुसऱ्या वहीत ‘१ सेमी = ५ किमी’ खाली रेघ मारून: ‘५०,००० सेमी म्हणजे किती मीटर?’ बरोबर असलेल्या ओळींवर बरोबरची खूण अवश्य करा, विशेषतः मापावर. मुलाला कळले पाहिजे की पट्टी पुन्हा लावायची गरज नाही.

त्याखाली एक प्रश्न असा लिहिते, की उत्तर अशक्य आहे हे मुलाचे त्यालाच दिसावे. मुंबई–नागपूरसाठी: ‘महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किमी. तुझे उत्तर त्यात मावते का?’ ६९,००० किमी तर पृथ्वीच्या घेरापेक्षाही जास्त आहे, तो घेर सुमारे ४०,००० किमी आहे. देऊळ आणि पुलाच्या ३२ किमीसाठी थोडे सांगावे लागते. १:५०,००० चा पूर्ण नकाशा १५ मिनिटे अक्षांशाचा असतो, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे २८ किमी. आपण मुलांना दिला आहे तो त्याचा हाताच्या पंजाएवढा तुकडा. पूर्ण नकाशाच २८ किमी उंच असेल, तर तुकड्यातले दोन बिंदू एकमेकांपासून ३२ किमीवर कसे असतील? हा विचार मुलांना पटतो, कारण तो कागद त्यांच्या समोरच असतो.

वही परत देताना

पहिल्या वहीच्या मुलाशी झालेले बोलणे जवळजवळ दर वर्षी असेच होते.

‘बाई, किलोमीटर म्हणजे हजारच ना?’

‘हजार काय?’

‘हजार... मीटर.’

‘आणि तुझ्या ओळीत काय लिहिले आहेस?’

‘सेंटिमीटर.’ मग थोडा वेळ शांतता. ‘म्हणजे आधी मीटर करायचे?’

हे त्याच्याच तोंडून आले की पुढचे काम सोपे होते. पाच शून्ये एकदम खोडायला मी आता शिकवत नाही. आधी दोन शून्ये खोडायची, म्हणजे मीटर झाले, आणि तिथे थांबून ‘मीटर’ हा शब्द लिहायचा. मग आणखी तीन खोडता आली तर खोडायची, म्हणजे किलोमीटर. ६०,००,००० सेमीचे ६०,००० मीटर होतात, त्यांचे ६० किलोमीटर. ५०,००० सेमीचे ५०० मीटर होतात. इथे तीन शून्ये नाहीत, पण आता मुलगा अडत नाही, कारण ५०० मीटर म्हणजे अर्धा किलोमीटर हे त्याला रोजच्या चालण्यातून माहीत असते. आधीच्या युक्तीत हा थांबाच नव्हता, म्हणून ती चार शून्यांपाशी घसरत होती.

आणि १ सेमी म्हणजे किती, हे पट्टीच्या मापाने गुणण्याआधी काढायला लावा. ११.५ × ६०,००,००० हा गुणाकार बरोबरच असतो, पण आठ अंकी संख्येत एखादे शून्य सहज वाढते किंवा गळते. ‘१ सेमी = ६० किमी’ ही ओळ आधी लिहिली की ११.५ × ६० एवढेच उरते. तपासणाऱ्यालाही ती ओळ पाहिली की चूक आधीची की नंतरची, हे लगेच कळते.

पुन्हा एकदा, तीन ओळींत

सुधारणा झाली का, हे पाहायला नवी कार्यपत्रिका लागत नाही. पट्टीही नको, कारण मापाला धक्का लागलेलाच नव्हता. वहीच्या मागच्या पानावर मी तीन प्रमाणे लिहून देते आणि १ सेमी म्हणजे किती, एवढेच विचारते:

१:२५,०००
१:२,५०,०००
१:२५,००,०००

तिन्हींत अंक तेच आहेत, २ आणि ५, म्हणून पाठांतर कामाला येत नाही. उत्तरे २५० मीटर, २.५ किमी आणि २५ किमी. पहिली दोन प्रमाणे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर खरोखरच असतात. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, लाखाच्या जागी दिलेला असावा. इंग्रजी ॲटलासमध्ये तो तीन-तीन अंकांनंतर असतो आणि मुले अंक मोजण्याऐवजी स्वल्पविराम मोजतात.

मधली ओळ सर्वांत महत्त्वाची. दुसऱ्या वहीच्या मुलाने तिथे ‘२५ किमी’ लिहिले, तर तो अजून जेवढी सापडतील तेवढी शून्ये खोडतो आहे. त्याला पुन्हा मीटरपाशी थांबवावे लागेल. ‘२,५०० मीटर, म्हणजे २.५ किमी’ असे दोन टप्प्यांत लिहिले असेल, तर मी आधीच्या कार्यपत्रिकेतला कापलेला रूपांतराचा गुण त्याच पानावर तारीख टाकून परत देते आणि माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढची टीप खोडते.